सहा पंचविसांश

दुपारी बेल वाजली. दारात बेलीफ. हातात कागदांचा गठ्ठा, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर घाईबरोबर थोडा संकोच. यांचं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, "इथंच राहत होते ना?" त्या 'होते'मुळे मला बरंच वाटलं, निदान माणसाला माहिती तरी होती. मी सही केली आणि दार लावून तिथंच उभ्याने नोटीस वाचायला घेतली. यांच्या नावाआधी 'मयत' लिहिलेलं, त्याखाली 'तर्फे वारस', आणि त्याखाली माझं नाव, वय आणि 'धंदा : घरकाम'. तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवलं, अर्ध्या तालुक्याला त्रैराशिक आणि वर्गसमीकरणं शिकवली, आणि कोर्टाच्या दप्तरी माझा धंदा घरकाम! नोटिशीतल्या मजकुराआधी मला या एका ओळीचाच राग आला. मजकुराकडे लक्ष जायला संध्याकाळ उजाडली. वन्संनी अर्ज केला होता. जमिनीच्या जुन्या दाव्यात आपला हिस्सा एक पंचविसांश नव्हे, एक चतुर्थांश धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा दावा आमच्या घरात कायमच होता. थोरल्या भाऊजींनी तो १९८७ साली लावला तेव्हा आमच्या लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. सासरे १९८४ साली गेले. पाच एकर जमीन, तीन भाऊ, एक बहीण आणि सासूबाई. घरात त्याबद्दल बोलायचं ते फक्त 'तारीख' या एका शब्दात. "उद्या तारीख आहे," म्हटलं की यांचा डबा लवकर करायचा, पांढरा शर्ट इस्त्रीला द्यायचा. संध्याकाळी हे परत आले की चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, आणि मी विचारायचेही नाही. पुढे तारखा थांबल्या तेव्हा प्रकरण मिटलं असं मी धरून चालले. भाऊभाऊ आपापला तुकडा कसत होते, लग्नकार्यात एकमेकांच्या पंक्तीला बसत होते. मिटलेलं आणि थांबलेलं यांतला फरक मला कधी कुणी सांगितला नाही.

नोटीस आल्याचं पुतण्याला कळलं तसा त्याचा फोन आला. "काकू, काळजी करू नका. आत्यानं तेव्हाच कोर्टात हक्क सोडलाय. आता तिला काही मागता येत नाही." हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला पुरावा लागतो हेच कधी डोक्यात आलं नव्हतं. पण कोर्टात म्हणजे कुठल्या कागदावर? मुलांनी उत्तर नुसतं लिहिलं की मी पायऱ्या मागायची. इथेही मला पायऱ्याच हव्या होत्या.

यांची कागदांची पेटी माळ्यावर होती. जिल्हा परिषदेत कारकुनी केलेला माणूस, त्यामुळे कागद टाकायचा नाही आणि सुटा ठेवायचा नाही. लाल फडक्याची तीन दप्तरं निघाली. वरच्या कागदांना धुळीचा, खालच्यांना कापराचा वास. कार्बन कॉपीवरची अक्षरं जांभळी होऊन उडत चाललेली, टाचण्यांच्या गंजाचे तांबडे डाग कडेकडेने उमटलेले. सुरुवातीला मी वरून खाली वाचत सुटले आणि दोन दिवसांत वैतागले. 'सबब', 'दावा मिळकत', 'चतुःसीमा', 'सरस-निरस मानाने वाटप'. प्रत्येक कागद दुसऱ्याच कुठल्या कागदाकडे बोट दाखवायचा. 'निशाणी ५ वरील हुकूम पाहा', 'निशाणी २३ प्रमाणे'. निशाणी म्हणजे कोर्टात कागद दाखल झाला की त्याला पडणारा क्रमांक. पहिली निशाणी दाव्याची, आणि तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुतेक वेळा पाचवी, एवढं माझ्या लक्षात आलं. पण हे क्रमांक लावून झाले तरी गोष्ट काही उभी राहीना.

ती उभी राहिली रोजनाम्यापासून. वकीलबाईंनीच सांगितलं, "बाई, निकालपत्र नंतर वाचा. आधी रोजनामा." (या वकीलबाई माझ्याच विद्यार्थिनी. नववीत भूमितीला घाबरायच्या. आता मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसते.) रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय घडलं ते दोन-तीन ओळींत लिहिलेलं असतं. कोण हजर, कोण गैरहजर, काय दाखल झालं, काय हुकूम झाला, पुढची तारीख कशासाठी. त्यात कुणाची बाजू नसते, वकिली भाषा नसते. 'वादी हजर. प्रतिवादी १ तर्फे वकीलपत्र दाखल. कैफियतीसाठी मुदत.' पुन्हा कैफियतीसाठी मुदत. पुन्हा. मग सासूबाईंच्या वतीने मुदत. मग वादीच्याच वकिलांनी मुदत मागितलेली. माझ्या आठवणीतल्या कितीतरी पांढऱ्या शर्टांचा हिशेब त्या पानांवर मिळाला. डबा घेऊन, एसटीने हेलपाटा घालून हा माणूस जायचा आणि तिथे एका ओळीत 'मुदत दिली' एवढंच घडायचं.

वादी थोरले भाऊजी. प्रतिवादी एक हे, दोन धाकटे भाऊजी, तीन सासूबाई, चार वन्सं. मी चार नंबर शोधत पानं उलटली. हक्क सोडला असेल तर त्या दिवशी काहीतरी नोंद हवी, एखादी निशाणी हवी. वकीलबाईंनी हेही सांगितलं होतं की स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं, घरातल्या घरात 'मला नको' म्हणून भागत नाही. तसला दस्त तीनही दप्तरांत नव्हता. १९८८ सालच्या एका तारखेला मात्र ही ओळ होती : 'प्रतिवादी ४ यांस समन्स लागू. पुकारले असता गैरहजर. त्यांचेविरुद्ध दावा एकतर्फा चालविणेचा हुकूम.'

म्हणजे वन्संनी हक्क सोडला नव्हता. त्या आल्याच नव्हत्या.

इतक्या वर्षांत घराने 'आली नाही' याचं 'सोडलं' करून टाकलं होतं, आणि तसं करताना कुणी खोटं बोललं असंही नाही. बहुतेक सांगता सांगता ते तसं झालं असावं.

मग हुकूमनामा काढला. तो १९९२ सालचा. तिथे मला थोडं हायसं वाटलं, कारण तिथे आकडे होते. 'वादी व प्रतिवादी १ ते ३ यांचा प्रत्येकी ६/२५ व प्रतिवादी ४ यांचा १/२५ हिस्सा आहे असे ठरविणेत येते.' पंचवीस आले कुठून? माणसं पाच, तर पाचाचा छेद समजण्यासारखा होता. पंचवीस म्हणजे पाचाला पुन्हा पाचाने भागलेलं. मी वहीचं कोरं पान घेतलं आणि वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी कायदा सांगितला आणि मी अपूर्णांक मांडले. सासरे वारले तेव्हाचा हिंदू वारसा कायदा असा होता, की वडिलोपार्जित मिळकतीत माणूस मरण्याच्या क्षणाआधी घरात वाटणी झाली, अशी कल्पना करायची. त्या काल्पनिक वाटणीत बाप आणि मुलगे बसायचे. आपल्याकडे बापलेकांची वाटणी झाली की आईलाही मुलाइतका वाटा मिळतो, आणि हे या काल्पनिक वाटणीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपाद मगदूम यांच्या खटल्यात ठरवलं. मुलगी मात्र त्या पाटावर नसायची. मग झाले पाच वाटे : सासरे, सासूबाई, तीन मुलगे. पुढची पायरी अशी, की सासऱ्यांचा जो एक पंचमांश होता तो त्यांच्या वारसांत सारखा वाटायचा, आणि वारस म्हणून मुलीचं नाव तिथे पहिल्यांदा येतं. वारस पुन्हा पाच : सासूबाई, तीन मुलगे, एक मुलगी. एक पंचमांशाचा पाचवा भाग म्हणजे एक पंचविसांश. ज्यांचा आधीच एक पंचमांश, म्हणजे पाच पंचविसांश होता, त्यांचे सहा झाले. वन्संचा एकच राहिला.

गुंठ्यांत मांडलं तर पाच एकर म्हणजे दोनशे गुंठे. तिघा भावांना आणि सासूबाईंना अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस, वन्संना आठ. बेरीज बरोबर दोनशे. उदाहरण चोख सुटलं होतं, आणि ते सुटल्याचा मला आनंदही झाला. सवयच तशी. आठ आणि अठ्ठेचाळीस हे आकडे शेजारी शेजारी दिसायला लागले ते आनंद ओसरल्यावर.

हुकूमनाम्याच्या समासात यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : '६०–६०–६०–२०'. हे उलगडायला वेळ लागला नाही. सासूबाई २००१ साली गेल्या. त्यांचे अठ्ठेचाळीस गुंठे चौघा मुलांत सारखे, म्हणजे बारा-बारा. भावांचे साठ, वन्संचे वीस. यांनी आईच्या मागे हिशेब पुढे नेला होता. पण त्याच्या खाली, निळ्या शाईत, नुसताच एक आकडा होता, दोनदा अधोरेखित केलेला : '५०'.

साठाचे पन्नास कसे झाले?

त्याआधी मी आणखी एक गोष्ट शोधत होते : १९९२ साली हिस्से ठरले, तर जमीन वाटली का गेली नाही? शेतसारा भरणाऱ्या जमिनीचे हिस्से दिवाणी कोर्ट ठरवतं, पण प्रत्यक्ष बांध घालायचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून कागद तहसीलदारांकडे, तिथून मोजणीला. कुठला तुकडा विहिरीजवळचा, कुठला खडकाळ, हे पाहून सरस-निरस वाटणी करायची असते. मोजणीदार एकदा आले होते असा उल्लेख एका पत्रात आहे. त्या दिवशी एक पक्ष गैरहजर, दुसऱ्याची हरकत, आणि मोजणी तहकूब. त्यानंतर कुणी रेटाच लावला नाही. सातबाऱ्यावर आजही सगळ्यांची नावं सामाईक आहेत, आणि वन्संचं नाव, त्या काळच्या रीतीप्रमाणे, मुलांच्या रांगेत नाही तर 'इतर हक्क' या रकान्यात आहे. जिथे कर्जाचा बोजा लिहितात, तिथे घरची मुलगी.

या अर्धवट राहण्यावरच आताचा सगळा वाद उभा आहे. वकीलबाईंचं म्हणणं असं, की हिस्से नुसते ठरले आणि वाटणी पूर्ण होऊन ताबे गेले नाहीत, तोवर मधे कायदा बदलला तर हिस्से बदलून मागता येतात. आणि कायदा बदलला ९ सप्टेंबर २००५ रोजी. त्या दिवसापासून मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार. (महाराष्ट्राने त्याआधी १९९४ साली अशी दुरुस्ती केली होती, पण ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती. वन्संचं लग्न कधीच झालेलं.) मुलगी त्या काल्पनिक वाटणीत बसली की छेद पाचाचा सहा होतो, पुढचा हिशेबही बदलतो, आणि आई-बापांचे वाटे चौघांत सारखे गेले की शेवटी प्रत्येकाला एक चतुर्थांश. दोनशेचा चौथा हिस्सा पन्नास.

म्हणजे हा माणूस कायदा बदलल्यावर पुन्हा दप्तर सोडून बसला होता. कधी? नकलांच्या पाठीमागे ते सापडलं. कोर्टाच्या खऱ्या नकलेवर मागे शिक्का असतो आणि त्यात नकलेसाठी अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची, अशा तारखा भरलेल्या असतात. आपण पुढची बाजू वाचतो आणि कागद ठेवून देतो. मागच्या बाजूला कागद मागणाऱ्याची गोष्ट असते. रोजनामा, हुकूमनामा आणि आणखी एक कागद, तिन्ही नकलांसाठी अर्ज एकाच दिवशी केलेला होता, फेब्रुवारी २००६ मध्ये. तोवर दावा बासनात जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. यांनी मला सांगितलं असेल तर पेन्शनच्या कामाला जातोय, असंच सांगितलं असेल.

तिसरा कागद वन्संच्या समन्सवरचा बेलीफाचा अहवाल होता. हातानं लिहिलेला, घाईचा, ओळी उतरत्या. 'प्रतिवादी नं. ४ घरी मिळून आल्या नाहीत. घरातील प्रौढ इसम, त्यांचे बंधू, यांनी समन्स व दाव्याची नक्कल स्वीकारून सही दिली.' खाली सही. ती सही मी चेकांवर, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर, विम्याच्या अर्जांवर पाहिलेली आहे. पहिल्या अक्षराची गाठ मोठी, शेवटची रेघ वर ओढलेली.

मी दाव्याचा पहिला कागद पुन्हा काढला आणि वन्संचा पत्ता पाहिला. थोरल्या भाऊजींनी तो माहेरचाच घातला होता. वन्सं तेव्हा सासरी, दोन लेकरांच्या आई. घरातल्या माणसाने समन्स घेतलं तर ते लागू धरतात, हे खरं, पण तो माणूस त्यांच्यासोबत राहणारा असायला हवा, असं वकीलबाई म्हणाल्या. भाऊ माहेरी आणि बहीण सासरी, त्याला सोबत राहणं म्हणत नाहीत. तेव्हा कुणी हे बोललं असतं तर एकतर्फा हुकूम टिकला नसता. बोलणार कोण? ज्यांना बोलायचं, त्यांना दावा लागल्याचंच ठाऊक नसणार.

त्या कागदानंतर काही दिवस मी दप्तरांना हात लावला नाही. यांच्यावर रागवावं असं फार वाटलं, आणि रागवायला समोर माणूस नाही याचा आणखी राग आला. मग मी त्यांची बाजूही मांडून पाहिली. दारात सरकारी माणूस उभा, 'घरात कोण आहे' म्हणतोय, तीस-पस्तिशीचा पोरगा पुढे होऊन सही करतो. माझीही सही मी त्या दिवशी वाचण्याआधीच केली होती. पण समन्स घेऊन पुढे काय केलं? बहिणीकडे पोचवलं का? आणि नसेल पोचवलं, तर अठरा वर्षांनी पैसे भरून, रांगेत उभं राहून, आपल्याच सहीची नक्कल काढायची आणि जपून ठेवायची, ही काय तऱ्हा?

वकीलबाई व्यवहाराच्या. म्हणाल्या, "बाई, त्या कागदाची आता गरज नाही. वन्संचा हिस्सा त्या सहीवर अवलंबून नाही, कायद्यावर आहे." अर्ज आताच का, हेही त्यांनी समजावलं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. आमचे सासरे १९८४ साली गेलेले, म्हणजे वन्संना दार बंद. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते मत फिरवलं. वडील हयात असण्याची अट गेली, आणि अंतिम वाटपाची कामं पडून असतील तर तिथेही मुलींना सारखा वाटा द्या, असं सांगितलं. यांचा '५०' हा आकडा २००६ साली निळ्या शाईत लिहिलेला होता, मधे पाच वर्षं चुकीचा ठरला आणि मग बरोबर निघाला. ते पाहायला हे नव्हते. २०१९ सालीच गेले.

माझ्या घरापुरता हिशेबही मी केला. यांच्या साठांचे पन्नास झाले, की मी आणि दोन मुलं मिळून तिघांत प्रत्येकी वीसऐवजी सोळा पूर्णांक दोन तृतीयांश गुंठे. मुलांना फोनवर सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग आत्याचं बरोबरच आहे की." मुलगा थोडा गप्प राहिला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं." या दोन उत्तरांतलं अंतर मी ऐकलं, पण त्यावर तेव्हा काही बोलले नाही.

शेवटी वन्संना फोन केला. नोटीस मिळाली हे सांगायच्या निमित्ताने. गुडघ्यांची चौकशी झाली, नातवंडांची झाली, आणि मग मी सहीबद्दल सांगून टाकलं. मला वाटलं, पलीकडे रडू येईल, नाहीतर फोन बंद होईल. वन्सं अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ठाऊक आहे गं. तो आला होता ना तो कागद घेऊन. नवा कायदा झाला त्या वर्षी. पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, ताई, अर्ज कर, मी कोर्टात सांगतो की समन्स मी घेतलं आणि तुला दिलं नाही."

"मग?"

"मग काय. मीच म्हटलं राहू दे. दादाशी बोलणं तुटलं असतं त्याचं. माझंही. दिवाळीला जायला एक घर लागतं माणसाला."

"आणि आता?"

"आता दादा नाही, तो नाही. एक उरलाय तो दारात उभं करत नाही. भाच्यांशी कसलं आलंय रुसणं-फुगणं? त्यांच्याशी हिशेब हिशेबासारखा करायचा." मग थोडं थांबून, "तुझे किती कमी होतात गं?"

मी सांगितलं. तीन गुंठे आणि वर एक तृतीयांश. "तृतीयांश बिंतियांश मला कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण लिहून ठेव."

पुतण्याला मी रोजनाम्याच्या त्या पानाची झेरॉक्स पाठवली. त्याचं उत्तर आलं नाही, त्याच्या वकिलांची हरकत आली. धाकटे भाऊजी अजून कुठल्याच बाजूने बोललेले नाहीत. अर्ज मंजूर होईल की नाही ते कोर्ट ठरवेल, आणि मंजूर झाला तरी पुढे पुन्हा जिल्हाधिकारी, तहसीलदार, मोजणी हा फेरा आहेच. माझं म्हणणं मी वकीलबाईंकडे लिहून दिलं : अर्जदारांचा एक चतुर्थांश हिस्सा मला माझ्यापुरता मान्य आहे. 'माझ्यापुरता' हा शब्द त्यांनी घातला, कारण मुलांच्या वतीने मला बोलता येत नाही. त्यांचं म्हणणं त्यांनी वेगळं द्यायचं. मुलीचं आलंय. मुलाचं यायचंय, मुदत पुढच्या तारखेपर्यंत आहे. कागदयादीत समन्सचा अहवाल घालायचा की नाही हे वकीलबाईंनी माझ्यावर सोडलं होतं. मी घातला, पाठीमागच्या शिक्क्यासकट. आणि नोटिशीतली ती एक ओळही दुरुस्त करून मागितली. धंदा : सेवानिवृत्त शिक्षिका.